गृहकर्जाचा व्याजदर कमी करण्यासाठी बँकेला पत्र: सिबिल ६८१ वरून ७८२, मसुदा बघून सांगा

नामदेव_वडगाव | ५ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत सीएनसीवर कामाला आहे. जानेवारी २०२२ मध्ये मी आणि धाकटा भाऊ, दोघांच्या नावावर एका सरकारी बँकेतून २४ लाखांचं गृहकर्ज काढलं, २० वर्षांचं. त्यावेळी माझा सिबिल स्कोअर ६८१ होता. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद, गाडीचे तीन हप्ते थकले आणि क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट केलं होतं. त्याचा डाग राहिला. नंतर कार्डाची उरलेली रक्कमही भरली, पत्र घेतलं, घराचा एकही हप्ता चुकवला नाही. आता स्कोअर ७८२ दाखवतोय.

सध्या व्याज ८.७५ टक्के, बाकी साधारण २२ लाख, १६ वर्षं शिल्लक, हप्ता २१,३२८. त्याच शाखेत नव्या माणसाला ७.९० नं देतायत, तसा बोर्डच लावलाय. शाखेत विचारलं तर म्हणाले, "अर्ज द्या, बघू." म्हणून हे लिहिलंय:

"मा. शाखाधिकारी यांस, मी आपल्या बँकेचा जुना व प्रामाणिक खातेदार असून घरी वृद्ध आई आहे, तिच्या औषधपाण्याचा खर्च फार आहे. मुलांचे शिक्षणही चालू आहे. मी आजवर सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत. माझा सिबिल स्कोअर आता चांगला झाला आहे. तरी मेहेरबान होऊन माझ्या कर्जाचा व्याजदर कमी करावा ही नम्र विनंती."

सोबत मोबाईलवरच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट जोडणार आहे. काही राहिलं का?

---

खानापूरकर | ५ जानेवारी, रात्री १०:१५

मेहेरबान कशाला म्हणतोस रे? रिझर्व्ह बँकेचा नियमच हाय की. स्कोअर वाढला की व्याज कमी करायलाच पायजे. नाही केलं तर सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. माझ्या मेव्हण्यानं केलंय, त्याचं एका महिन्यात कमी झालं.

---

निपाणीची_सुनंदा | ५ जानेवारी, रात्री १०:५२

मलापण हेच विचारायचं होतं. माझं सोसायटीचं कर्ज आहे, १४ टक्क्यांनी. पिग्मी रोज भरते, एक दिवस खाडा नाही. माझा स्कोअर अ‍ॅपवर ८०१ आहे. मी पण असंच पत्र देऊ का?

---

निवृत्त_शहापूर | ६ जानेवारी, सकाळी ७:२०

नामदेव, एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. असे अर्ज टेबलावर कसे पडून राहतात ते मी बघितलंय आणि, खरं सांगायचं तर, काही मीच पाडून ठेवलेत. तुझं पत्रही तसंच पडून राहील, कारण ते वाचून अधिकाऱ्यानं नेमकं काय करायचं हे त्यात कुठंच नाही. शाखाधिकाऱ्याला "व्याजदर कमी करणे" असा अधिकार नसतो. त्याला प्रस्ताव वर पाठवावा लागतो, आणि प्रस्तावात कर्जाच्या दराचा कुठला भाग बदलायचा ते लिहावं लागतं.

तुझा दर कसा बनलाय ते आधी बघ. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेनं दिलेलं बदलत्या व्याजाचं गृहकर्ज बाहेरच्या दराला जोडलेलं असतं, बहुतेक ठिकाणी रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला. रेपो सध्या ५.२५ आहे. त्यावर बँकेचा आपला वाढावा आणि त्याच्यावर तुझी पत बघून लावलेला क्रेडिट रिस्क प्रीमियम. तू घेतलंस तेव्हा रेपो ४ होता, मग साडेसहापर्यंत गेला, २०२५ मध्ये चारदा उतरला. ही चढउतार तुला आपोआप लागू झाली आहे, त्यासाठी पत्राची गरज नव्हती. पत्राची गरज आहे ती शेवटच्या तुकड्यासाठी. सँक्शन लेटर काढ आणि दराच्या ओळीत काय लिहिलंय ते इथे जसंच्या तसं टाक. खातं क्रमांक खोडून.

खानापूरकर, तुमचं अर्धं बरोबर. ४ सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात असं आहे की हा रिस्क प्रीमियम मध्येच बदलता येतो तो फक्त कर्जदाराच्या पत मूल्यांकनात मोठा बदल झाला तर, आणि तोही करारात ठरल्याप्रमाणे. "कमी करायलाच पाहिजे" असं त्यात नाही. दार उघडं ठेवलंय, आत घ्यायची सक्ती नाही. मेव्हण्याचं कर्ज कुठलं होतं?

---

खानापूरकर | ६ जानेवारी, सकाळी ९:०५

विचारलो काका. त्याचं २०१७ चं कर्ज होतं, एमसीएलआरवालं. त्यानं रेपोवर बदलून घेतलं म्हणे.

---

निवृत्त_शहापूर | ६ जानेवारी, सकाळी ९:३०

तेच म्हणतो. ती वेगळी गोष्ट. एमसीएलआर म्हणजे बँकेच्या स्वतःच्या दराला जोडलेल्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर जायचा पर्याय आहे, थोडा प्रशासकीय खर्च घेऊन करून देतात. त्यात स्कोअर वाढला की नाही हा प्रश्नच नव्हता. शाखेत पुष्कळदा हाच घोळ होतो. माणूस रिस्क प्रीमियमचं विचारायला जातो, काउंटरवरचा पोरगा त्याच्या हातात दर बदलण्याचा छापील फॉर्म देतो, फी कापली जाते आणि दर आहे तिथंच, कारण कर्ज आधीच रेपोवर असतं.

सुनंदाताई, सोसायटीला हे परिपत्रक लागू नाही. क्रेडिट सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येतच नाही, तिचा दर तिचं संचालक मंडळ ठरवतं. तुम्हाला पत्र द्यायचं तर सोसायटीच्या चेअरमनला, आणि त्यात स्कोअरपेक्षा तुमच्या पिग्मीचा खातेउतारा जास्त बोलेल. शिवाय सोसायटीचं कर्ज सिबिलमध्ये दिसतंय का तेही बघा. पुष्कळ सोसायट्यांचं दिसत नाही.

---

नामदेव_वडगाव | ६ जानेवारी, रात्री ८:१०

काका, सापडलं. ओळ अशी आहे: रेपो लिंक्ड दर (रेपो अधिक २.४०) अधिक क्रेडिट रिस्क प्रीमियम १.१०. म्हणजे ५.२५ + २.४० + १.१० = ८.७५. जुळलं! चार वर्षं मी ८.७५, १०, ७.५० असे आकडेच बघत होतो, आत १.१० वेगळं बसलंय हे आज कळलं.

बोर्डावरच्या ७.९० मध्ये प्रीमियम ०.२५ आहे. खाली बारीक अक्षरात स्कोअरचे टप्पे आहेत: ७७५ च्या वर ०.२५, ७२५ ते ७७४ ला ०.६०, त्याखाली १.१०.

करारपत्र सव्वीस पानांचं आहे. एका कलमात लिहिलंय की कर्जदाराच्या पत मूल्यांकनात लक्षणीय बदल झाल्यास बँक प्रीमियम सुधारू शकेल. "वाढवू" असं नाही, "सुधारू" आहे.

---

निवृत्त_शहापूर | ६ जानेवारी, रात्री ९:००

मग नशीबवान आहेस. काही करारांत फक्त पत घसरली तर वाढवण्याचं कलम असतं, तिथं माणसाचे हात बांधलेले. तुझं दोन्हीकडे चालतं. पण हेही ध्यानात घे की मूल्यांकन मागितलंस तर ते पूर्ण होतं, तुझी आजची पगाराची पावती, नवीन कर्जं, सगळं बघतात. नोकरी सुटलेली किंवा मध्ये दुसरं मोठं कर्ज काढलेलं असेल तर झोपलेल्या कुत्र्याला उठवू नये.

आता अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकून दे. देशात स्कोअर काढणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा. पुष्कळ मोबाईल अ‍ॅप एक्स्पेरियन किंवा सीआरआयएफचा स्कोअर दाखवतात आणि लोक त्यालाच सिबिल म्हणतात. तुझ्या सँक्शनच्या वेळी बँकेनं कुठला ओढला होता ते बघ आणि त्याच कंपनीचा पूर्ण अहवाल काढ. वर्षाला एक पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल बघितल्यानं स्कोअर उतरत नाही, ती अफवा आहे.

---

नामदेव_वडगाव | ८ जानेवारी, रात्री ८:४५

काढला. अ‍ॅपवरचा ७८२ हा एक्स्पेरियनचा निघाला. सिबिलचा ७७७. थोडक्यात वाचलो, टप्पा ७७५ चा आहे! पण अहवालात एक गोष्ट दिसली, कार्डाच्या खात्यापुढे अजून "सेटल्ड" आहे. मी तर उरलेले १४,००० भरून "नो ड्यूज" घेतलं होतं.

---

निवृत्त_शहापूर | ८ जानेवारी, रात्री ९:१५

पत्र द्यायची घाई करू नकोस. आधी त्या ओळीवर सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाक, नो ड्यूज जोड, आणि कार्डवाल्या बँकेलाही मेल कर, कारण दुरुस्ती शेवटी तीच कळवते. तीस दिवसांची मुदत आहे, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. वरच्या कार्यालयातला पत तपासणारा माणूस आकड्याबरोबर "सेटल्ड" हा शब्दही बघतो. स्कोअर ७७७ आणि खाली सेटल्ड, म्हणजे त्याच्या हातात नकार द्यायला आयतं कारण.

---

हिंडलगा_एक्स्प्रेस | ८ जानेवारी, रात्री ११:३०

एवढं कशाला? दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा की. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडायचा दंड नाही. दोन पत्रांत काम.

---

निवृत्त_शहापूर | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

दंड नाही, खर्च आहे. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन. उपनिबंधक कार्यालयात जुन्या गहाणाचा बोजा उतरवायचा, नवीन गहाणपत्र नोंदवायचं, त्याची स्टॅम्प ड्युटी. ई-खाता, म्हणजे घराचा ऑनलाइन मालमत्ता उतारा, झाला नसेल तर आणखी दोन महिने हेलपाटे. पण तुमची सूचना टाकाऊ नाही. दुसऱ्या बँकेचं लेखी मंजुरीपत्र पत्राला जोडलं तर फाईल पळते. २९ सप्टेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं असं केलंय की दराचे प्रीमियमशिवायचे जे भाग बँक आधी तीन वर्षांतून एकदाच बदलू शकायची, ते ग्राहक टिकवण्यासाठी आधीही कमी करता येतील. त्याचा उपयोग माणूस खरंच जायला निघाला तरच होतो. नामदेवनं ते हत्यार दुसऱ्या फेरीला ठेवावं.

---

नामदेव_वडगाव | १७ जानेवारी, सायंकाळी ६:२०

कार्डाची ओळ नवव्या दिवशी "क्लोज्ड" झाली. काकांनी फोनवर मसुदा अर्धा खोडून परत लिहायला लावला. औषधपाणी गेलं. 😀 शाखेत इंग्रजीत देणार आहे, इथे मराठीत टाकतो:

"विषय: गृहकर्ज खाते क्र. ….. मधील क्रेडिट रिस्क प्रीमियमचे फेरमूल्यांकन करणेबाबत.

महोदय, वरील कर्ज जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झाले. मंजुरीपत्रानुसार व्याजदर रेपो लिंक्ड दर अधिक क्रेडिट रिस्क प्रीमियम १.१० टक्के असा आहे. मंजुरीच्या वेळी माझा सिबिल स्कोअर ६८१ होता. १६ जानेवारी २०२६ रोजीच्या अहवालानुसार तो ७७९ आहे. गेल्या ४८ महिन्यांत या खात्यातील एकही हप्ता विलंबाने भरलेला नाही.

करारातील कलम ….. नुसार पत मूल्यांकनात लक्षणीय बदल झाल्यास प्रीमियम सुधारता येतो. आपल्या शाखेच्या सध्याच्या दरपत्रकाप्रमाणे या स्कोअरसाठी प्रीमियम ०.२५ टक्के आहे. तरी माझ्या कर्जाचा प्रीमियम १.१० वरून ०.२५ टक्के करावा, तो कोणत्या तारखेपासून लागू होईल ते कळवावे, आणि मुदत तीच ठेवून हप्ता कमी करावा. विनंती मान्य न झाल्यास कारण लेखी कळवावे.

सोबत: सिबिलचा पूर्ण अहवाल, मंजुरीपत्राची प्रत, कर्जखात्याचा उतारा, तीन महिन्यांच्या पगारपावत्या."

---

मराठी_बाणा_टिळकवाडी | १७ जानेवारी, रात्री ८:००

इंग्रजीत का? बेळगावात पत्र मराठीतच द्यायचं. आपणच आपली भाषा काउंटरवर सोडून देतो आणि मग रडतो.

---

नामदेव_वडगाव | १७ जानेवारी, रात्री ८:२५

शाखेतल्या मॅडम धारवाडच्या, फाईल जाणार हुबळीला. मला १,१०९ रुपये महिन्याला वाचवायचेत. दर ७.९० झाला तर हप्ता २०,२१९ होतो.

---

मराठी_बाणा_टिळकवाडी | १७ जानेवारी, रात्री ८:३०

मराठी प्रत जोड तरी. एक कागद जास्त लागेल.

---

खानापूरकर | १७ जानेवारी, रात्री ९:१०

कन्नडमधनं दिलास तर लवकर होतंय, सांगूलालो. मी वीजबिलाचं तसंच केलतो.

---

निवृत्त_शहापूर | १७ जानेवारी, रात्री ९:४०

भाषा कुठलीही असो, दोन प्रती ने आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नकोस. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" म्हणतील. ठेवून यायचं नाही. पोच नाकारली तर तीच फाईल बँकेच्या तक्रार निवारणाच्या मेलवर पाठव आणि क्रमांक घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तरच cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं. आणि तिथंही हे समजून जा की लोकपाल "प्रीमियम कमी करा" असा हुकूम सहसा देणार नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो आणि तो त्यांच्या कक्षेबाहेर आहे. उत्तर दिलं नाही, करारातलं कलम पाळलं नाही, न सांगता फी कापली, यावर मात्र तक्रार उभी राहते. म्हणून पत्रात "कारण लेखी कळवावे" घातलंय.

मसुद्यात एक राहिलं. कर्ज दोघांच्या नावावर ना? भावाचा स्कोअर किती?

---

नामदेव_वडगाव | १७ जानेवारी, रात्री १०:०५

तो बघितलाच नाही. तो कधी कुणाचं बुडवत नाही हो.

---

निपाणीची_सुनंदा | १८ जानेवारी, दुपारी १:१५

माझं सांगते. तुमच्या सांगण्यावरून सिबिल काढलं, सोसायटीचं कर्ज त्यात नाहीच! उलट गटातून घेतलेलं कर्ज दिसतंय, बचत गटाचं नव्हे, त्या मायक्रोफायनान्सवाल्यांचं, जे मी दोन वर्षांपूर्वीच फेडलंय, आणि ते अजून "चालू" आहे. आता हे कुणाकडे?

---

निवृत्त_शहापूर | १८ जानेवारी, दुपारी ३:००

ताई, तोच मार्ग. डिस्प्यूट आणि कंपनीला मेल, शेवटच्या हप्त्याची पावती जोडून. आणि सीआरआयएफ हाय मार्कचा अहवालही काढा, मायक्रोफायनान्सचा पसारा तिथं जास्त नीट दिसतो. पण सोसायटीचा दर यानं कमी होईल असं मी म्हणणार नाही.

---

नामदेव_वडगाव | २४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मंडळी, उशिरा लिहितोय. १९ जानेवारीला पत्र दिलं, पोच घेतली. मॅडमनी आधी तो छापील फॉर्मच पुढे केला, फी ५,००० अधिक जीएसटी. मी सँक्शन लेटरची ओळ दाखवली, "मॅडम, कर्ज आधीच रेपोवर आहे, मला प्रीमियमचं फेरमूल्यांकन पाहिजे." त्यांनी आत जाऊन विचारलं, फॉर्म परत घेतला. मराठी प्रतही जोडली होती, ती कुणी वाचली की नाही देव जाणे.

तीन आठवडे काही नाही. मग मेलवर स्मरणपत्र टाकलं, पोचेचा फोटो जोडला. २० फेब्रुवारीला उत्तर आलं: संयुक्त कर्जदारांपैकी कमी स्कोअर असलेल्याचा टप्पा धरला जातो, सहकर्जदाराचा स्कोअर ७३४ असल्याने प्रीमियम ०.६० टक्के मंजूर. दर ८.२५, पुढच्या रीसेटपासून, म्हणजे दर बदलायच्या पुढच्या तारखेपासून. हप्ता २०,६७२. महिन्याला ६५६ रुपये उतरले. दोघांनी जाऊन पुरवणी करारावर सही केली.

भावाला विचारलं तर म्हणतो, कार्ड दर महिन्याला काठोकाठ वापरतो, पण पूर्ण भरतो. लिमिट ४०,०००, वापर ३८,०००.

---

निवृत्त_शहापूर | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

तेच ते. भरतो पूर्ण, पण बिल निघतं त्या दिवशी कार्ड ९५ टक्के भरलेलं दिसतं, आणि कळवतात तोच आकडा. बिलाच्या तारखेआधी निम्मं भरायला लाव. आता दर पंधरा दिवसांनी माहिती जाते, दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल. "कमी स्कोअर धरतो" हे त्यांच्या धोरणात लिहिलेलं आहे का, तेही लेखी विचार. काही बँका मुख्य कर्जदाराचाच धरतात.

---

हिंडलगा_एक्स्प्रेस | २५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

किंवा दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र आणा. मी पहिल्या दिवशीच सांगत होतो.

---

नामदेव_वडगाव | २५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

आणायला गेलो तर तीही बँक भावाचाच स्कोअर बघणार की. कार्ड आता माझ्या कपाटात ठेवलंय. जूनमध्ये दुसरं पत्र देतो, तेव्हा इथेच लिहीन.